जाहिरात जुनी झाली म्हणजे नेमकं काय जुनं झालं?

इंदूरच्या लोकमान्य नगरात एका काकूंचं साड्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. माल महेश्वरचा, तिथल्या विणकरांकडून काकू स्वतः निवडून आणतात. गिऱ्हाईक मात्र इंदूरचं थोडं आणि पुणे, ठाणे, नाशिक, नागपूरचं जास्त. तिकडच्या बायका रील बघतात, बटण दाबून व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात आणि साडी कुरिअरने जाते. काकूंच्या मेटावरच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या, जाहिराती मी सांभाळते.

श्रावण लागला तेव्हा आम्ही चोवीस सेकंदांचं एक रील जाहिरातीत लावलं. सुरुवातीला काकूंचा हात साडीचा काठ पलटवतो आणि त्या म्हणतात, "ही साडी उलटी नेसली तरी चालते!" पुढची चौदा सेकंदं त्या बुगडी काठ दाखवतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच दिसणारा काठ. उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असल्यामुळे साडी हलकी कशी राहते, काठावरची वीट आणि लहर ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडी कामात कशी सापडते, हे सांगतात. शेवटी किंमत आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. रोजचं बजेट हजार रुपये. एक संभाषण सुरू व्हायला साधारण ४० रुपये पडत होते, म्हणजे दिवसाला पंचवीसेक बायका विचारायच्या. गौरी-गणपतीपर्यंत तक्रारीला जागा नव्हती.

पितृपक्षात तोच खर्च ७० रुपयांच्या घरात गेला. काकूंना त्याचं फारसं नवल वाटलं नाही. "अगं, पितृपक्षात कोण नवी साडी घेतंय? नवरात्र लागू दे, येतील सगळ्या." त्यांचा भाचा दुकानाचा हिशोब बघतो. त्याचं मत वेगळं होतं: "ताई, रील शिळं झालंय. हे बंद करा, नवं रील काढा आणि नवीन कॅम्पेन टाका." दोघांचंही म्हणणं खरं असू शकत होतं, आणि दोन्हींवरचा इलाज अगदी उलटा आहे. काकू बरोबर असतील तर काहीच करायचं नाही, आठ-दहा दिवस थांबायचं. भाचा बरोबर असेल तर थांबणं म्हणजे रोज पैसे घालवणं. म्हणून आधी आकडे उलगडून बघायला बसले.

एका संभाषणाचा खर्च हा आकडा सगळ्यात शेवटी हलतो, आणि का हलला ते तो सांगत नाही. तो चार गोष्टींनी मिळून बनतो. हजार वेळा रील दाखवायला किती पैसे लागले, म्हणजे सीपीएम. दाखवलेल्यांपैकी किती जणी तीन सेकंदं थांबल्या, याला आमच्याकडे हुक रेट म्हणतात. थांबलेल्यांपैकी किती जणींनी बटण दाबलं. आणि बटण दाबलेल्यांपैकी किती जणींनी खरोखर पहिला मेसेज पाठवला. हुक रेटचा रकाना अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये आयता नसेल तर कस्टम मेट्रिक म्हणून बनवता येतो: तीन सेकंदांचे व्हिडिओ प्ले भागिले इम्प्रेशन्स, म्हणजे रील जितक्या वेळा दाखवलं गेलं तो आकडा. हे चार आकडे मी श्रावणातल्या एका चांगल्या आठवड्याचे आणि पितृपक्षातल्या आठवड्याचे शेजारी-शेजारी मांडले.

सीपीएम १०० रुपयांवरून ११२ वर गेला होता. सणांच्या तोंडावर सगळेच जाहिरातदार बोली वाढवतात, त्यामुळे हे अपेक्षित होतं. खात्री करायला मी माझ्याकडच्या एका कोचिंग क्लासच्या जाहिराती पाहिल्या. तिथेही सीपीएम साधारण तेवढाच चढला होता, पण हुक रेट जागच्या जागी होता. म्हणजे बाजार महागला होता, पण बारा टक्क्यांच्या महागाईने खर्च ४० वरून ७० होत नाही.

हुक रेट ३० टक्क्यांवरून १९ वर आला होता.

सगळ्यात बोलका आकडा त्यापुढचा होता. श्रावणात शंभर इम्प्रेशन्समागे १.२ क्लिक यायचे, आता ०.८. नुसतं एवढं पाहिलं तर वाटतं की बायकांचा साडीतला रसच गेला. पण क्लिकला इम्प्रेशन्सऐवजी थांबलेल्यांच्या संख्येने भागलं की चित्र बदलतं. तेव्हा तीन सेकंदं थांबलेल्या शंभर जणींपैकी चार जणी क्लिक करत होत्या, आणि आताही चारच. क्लिक करणाऱ्यांपैकी मेसेज पाठवणाऱ्या तेव्हाही पाचांत एक होत्या, आताही तेवढ्याच. पितृपक्षामुळे खरेदी थांबली असती तर बायकांनी रील पाहिलं असतं, काठ आवडला असता आणि बटण दाबायच्या जागी त्या थबकल्या असत्या. इथे थांबलेली बाई पूर्वीइतक्याच उत्साहाने विचारत होती. फरक एवढाच की थांबणाऱ्या कमी झाल्या होत्या.

आणखी एक पडताळा घेतला तो फ्रीक्वेन्सीचा. एकूण इम्प्रेशन्सना किती वेगवेगळ्या व्यक्तींपर्यंत पोचलो त्या संख्येने भागलं की ती निघते. ती मी सुरुवातीपासूनची एकत्र न बघता सात दिवसांचीच बघते, कारण जुन्या दिवसांच्या सरासरीत ताजी गर्दी लपून जाते. श्रावणात सात दिवसांची फ्रीक्वेन्सी १.४ होती, आता २.६. मग वयानुसार फोड केली. ४५ ते ५४ वयाच्या बायकांना रील आठवड्यात चार-चारदा दिसत होतं आणि हुक रेट सगळ्यात जास्त तिथेच कोसळला होता. २५ ते ३४ मध्ये फ्रीक्वेन्सी दोनच्या खाली आणि हुक रेट जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी कमी. दोष ऋतूचा असता तर घसरण सगळ्या वयांत साधारण सारखी असती. जिथे जास्त वेळा दाखवलं तिथेच जास्त घसरण, हा थकव्याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा मी मानते. फ्रीक्वेन्सी अमुक झाली की जाहिरात थकली, असा एकच पक्का आकडा मात्र धरू नये. काही रीलं तीनवरही ताजी राहतात, काही दीडलाच मरगळतात. ती चढताना हुक उतरतोय का, एवढंच बघायचं.

मेटा स्वतःही इशारा देतं. डिलिव्हरीच्या रकान्यात आम्हाला तोपर्यंत 'क्रिएटिव्ह लिमिटेड' दिसायला लागलं होतं. आधीच्या जाहिरातींच्या मानाने खर्च वाढला की ही पाटी येते, आणि दुपटीवर गेला की 'क्रिएटिव्ह फटीग'. पण ही पाटी खर्चावर बेतलेली असल्याने उशिरा येते. दिवसवार फोड काढली तेव्हा दिसलं की हुक रेट गणपतीच्या आधीपासूनच हळूहळू उतरत होता. सणाच्या मागणीमुळे खर्चात तो दिसला नाही इतकंच.

आता मुद्दा होता काय बदलायचं याचा. तीन सेकंदांनंतर टिकून राहणाऱ्यांचं प्रमाणही मी पाहिलं होतं. पंधरा सेकंदांपर्यंत पाहिलं की मेटा त्याला थ्रूप्ले म्हणतं. थांबलेल्यांतल्या शंभरातल्या पस्तीस जणी तेव्हा थ्रूप्लेपर्यंत जात होत्या, आता चौतीस. म्हणजे काकूंचं बोलणं, काठाची गोष्ट, किंमत हे सगळं अजून जिवंत होतं. पलटणारा हात दिसला की "हे पाहिलंय" म्हणून बोट पुढे सरकत होतं. थकलं होतं ते फक्त रीलचं डोकं. चांगलं चालणारं धड फेकून देऊन सगळं नव्याने शूट करायचं कारण नव्हतं.

भाच्याला हे पटलं, पण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: "मग चालू जाहिरातीतच नवं रील टाकून द्या ना, ताई." तसं करू नये, याची कारणं आहेत. अ‍ॅड सेट, म्हणजे एकाच टार्गेटिंगखाली चालणारा जाहिरातींचा गट, सुरू झाला की तो लर्निंगमध्ये असतो, म्हणजे कुणाला दाखवल्यावर मेसेज येतात हे यंत्रणा चाचपडत असते. आठवड्याभरात साधारण पन्नास निकाल, म्हणजे आमच्यासाठी पन्नास संभाषणं, मिळाले की ती स्थिरावते. चालू जाहिरातीचं क्रिएटिव्ह बदललं, टार्गेटिंग बदललं, सेटमध्ये नवी जाहिरात घातली किंवा सेट सात दिवस वा जास्त बंद ठेवून पुन्हा सुरू केला, की ते लर्निंग पुन्हा सुरू होऊ शकतं. शिवाय व्हिडिओ बदलला की जुन्या पोस्टखाली जमलेल्या कमेंट्स नव्या जाहिरातीसोबत येत नाहीत. आमच्या पोस्टखाली तर बायकांनीच एकमेकींना उत्तरं दिली होती, "मी मागवली, कापड छान आहे" वगैरे. हे पैसे देऊन मिळत नाही.

तेव्हा जुन्या सेटला हात न लावता त्याच कॅम्पेनमध्ये, तेच टार्गेटिंग ठेवून शेजारी दुसरा सेट काढायचं ठरवलं. जुनी जाहिरात चालू ठेवण्याचा मोठा फायदा असा की तीच तुलनेचं माप होते. पितृपक्षाचा किंवा महागाईचा जो काही परिणाम असेल तो दोघींवर सारखाच होणार, त्यामुळे उरणारा फरक बहुतांशी रीलचा. जुन्या सेटचं बजेट हजाराचं आठशे केलं आणि नव्याला चारशे दिले. काकू आठवड्यापुरते दोनशे जास्त द्यायला तयार झाल्या. चारशेच का, तर आठवड्याचे २,८०० होतात आणि संभाषण पन्नासेक रुपयांना पडलं तरी पन्नासच्या वर निकाल येतात. दोनशेच दिले असते तर नवा सेट लर्निंगमधून बाहेरच पडला नसता आणि आठवड्याअखेर हातात काहीच लागलं नसतं.

आता नवी डोकी. आम्ही तीन केली आणि ती मुद्दाम वेगवेगळ्या जातीची ठेवली. पहिलं सगळ्यात सोपं: तेच वाक्य, तोच हात, फक्त हिरव्याऐवजी जांभळी साडी आणि वरची अक्षरं नवी. दुसरं महेश्वरला जाऊन घेतलेलं: हातमागाचा खटखट आवाज, धावणारा धोटा, जवळून दिसणारे विणकराचे हात. तिसरं कमेंट्समधून आलं. मी पोस्टखालच्या कमेंट्स आणि काकूंचं व्हॉट्सअ‍ॅप वाचून काढलं. सगळ्यात जास्त वेळा एकच शंका होती: "धुतल्यावर रंग जातो का?" तर काकूंनी साडीचं टोक पाण्याच्या वाडग्यात बुडवलं, पांढऱ्या रुमालावर दाबलं आणि कॅमेऱ्याकडे न बघताच विचारलं, "रंग जातो का, बघू या?" ज्या साडीचा रंग आधी घरी तपासून पक्का ठरला होता तीच घेतली, कारण जाहिरातीत दाखवलेली गोष्ट पार्सल उघडल्यावरही खरी निघाली पाहिजे.

नवं डोकं जुन्या धडाला जोडताना सांध्याकडे लक्ष द्यावं लागतं. जुन्या रीलचं धड "म्हणूनच हिला दोन बाजू आहेत" या वाक्याने सुरू व्हायचं. उलटी-सुलटी साडी दाखवल्यावर ते बरोबर होतं, रंगाच्या प्रश्नानंतर ते निरर्थक झालं असतं. म्हणून काकूंचं एक नवं वाक्य त्याच खोलीत, त्याच माइकवर घेतलं: "रंग पक्का आहे, आता काठ बघा." रुमाल पांढराच राहिलेला त्या वाक्यासोबत दिसायला हवा, नाहीतर बघणारी उत्तराची वाट बघत राहते आणि फसवल्यासारखं होऊन निघून जाते. अक्षरं रीलच्या मधल्या भागात ठेवली. उभ्या चौकटीत वरचे १४ टक्के आणि खालचे ३५ टक्के रिकामे ठेवावेत अशी मेटाची शिफारस आहे, कारण तिथे खात्याचं नाव, मजकूर आणि बटण येतं. संपादन करणाऱ्या मुलाने पहिल्यांदा प्रश्न अगदी तळाशी लिहिला होता, तो बटणामागे गेला असता. संगीत कुठलंच लावलं नाही. रीलवर सहज मिळणारी लोकप्रिय गाणी जाहिरातीत चालत नाहीत, आणि हातमागाचा, पाण्याचा आवाज पुरेसा होता.

तिन्ही रीलं आधी काकूंच्या पेजवर साधी पोस्ट म्हणून टाकली आणि जाहिरात करताना 'यूझ एक्झिस्टिंग पोस्ट' निवडून तीच घेतली. असं केलं की ती पोस्ट उद्या दुसऱ्या सेटमध्ये वापरली तरी लाइक-कमेंट्स तिच्याबरोबर जातात.

मग आठवडाभर हात बांधून बसायचं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दोन दिवसांत हातमागाचं रील असं उसळलं की भाचा सगळं बजेट त्यावर टाकायला निघाला होता. हुक रेट ३६ टक्के! हुक रेटचा निकाल लवकर वाचता येतो. हजार-दीड हजार इम्प्रेशन्समध्ये ३६ आणि १९ मधला फरक योगायोगाचा नसतो. पण क्लिक शंभरात एखादाच येतो, त्यामुळे हजार इम्प्रेशन्सवर आठ आणि बारा क्लिकमधला फरक म्हणजे निव्वळ नशीब असू शकतं. त्यासाठी कित्येक हजार इम्प्रेशन्स लागतात, आणि संभाषणाचा खर्च ठरवायला त्याहून जास्त.

आठवड्याअखेरीस चित्र स्पष्ट झालं. जांभळ्या साडीला यंत्रणेने स्वतःच सगळ्यात कमी दाखवलं होतं. तिचा हुक रेट २४ वर सुरू झाला आणि चार दिवसांत विशीवर आला. हात तोच, हालचाल तीच, वाक्य तेच. बघणारीने रंग बघायच्या आधीच रील ओळखलं होतं. पार्श्वभूमी, अक्षरं, रंग एवढंच बदलून ताजेपणा आणू पाहणाऱ्यांना मी आता हेच उदाहरण देते.

हातमागाचा हुक रेट शेवटपर्यंत पस्तिशीत राहिला, पण थांबलेल्या शंभर जणींपैकी दोघीसुद्धा क्लिक करत नव्हत्या. संभाषण जवळजवळ ९० रुपयांना पडलं. ते रील सुंदर होतं आणि बघणाऱ्यांमध्ये माग चालताना पाहायची हौस असलेले सगळेच होते. साडी घ्यायचा विचार करणारी बाई त्यांत वेगळी काढली जात नव्हती. हुक रेटच्या मागे लागलेल्या माणसाने हेच रील जिंकलं म्हणून घोषित केलं असतं.

पाण्याच्या वाडग्याचा हुक रेट ३१, थांबलेल्या शंभरांत पावणेचार क्लिक, आणि संभाषण ४५ रुपयांना. त्याच आठवड्यात, त्याच पितृपक्षात, शेजारी चालणारी जुनी जाहिरात ६५-७० वरच होती. रंगाची शंका ज्या बाईला येते ती मनात साडी घेऊन पुढच्या पायरीवर आलेली असते, म्हणून त्या प्रश्नाने थांबवलेली गर्दी खरेदीच्या जवळची निघाली.

नवा सेट पन्नास निकालांच्या पुढे गेला होता. पाण्याच्या वाडग्याचं रील उचलून जुन्या सेटमध्ये टाकायचा मोह होतो, पण त्याने जुन्या सेटचं लर्निंग हलण्याची शक्यता होती. त्यापेक्षा पैसा सरकवला. बाकीची दोन रीलं बंद केली आणि दर दोन-तीन दिवसांनी नव्या सेटचं बजेट विसेक टक्के वाढवलं: ४८०, ५७५, ६९०. जुन्याचं तसंच पायरीपायरीने ४०० पर्यंत उतरवलं. वीस टक्के हा धंद्यात रुळलेला अंदाज आहे, मेटाचा लिखित नियम नव्हे. बजेटमधला बदल मोठा असेल तर लर्निंग पुन्हा सुरू होऊ शकतं, एवढंच कंपनी सांगते. जुनी जाहिरात पूर्ण बंद केली नाही, कारण सात दिवस वा जास्त बंद राहिली असती तर पुन्हा सुरू करताना लर्निंग पहिल्यापासून झालं असतं. बजेट कमी झाल्यावर ती त्याच बायकांना आठवड्यात चारदा दिसेनाशी झाली, फ्रीक्वेन्सी दोनच्या खाली आली आणि तिचा खर्चही पन्नासच्या आसपास उतरला. नवरात्रात दोन्ही मिळून दिवसाला तेवीस-चोवीस मेसेज येत होते.

हा उपाय सगळीकडे लागू पडणार नाही. हुक टिकून थ्रूप्लेचं प्रमाण घसरलं असतं तर नवं डोकं लावून भागलं नसतं, मधली गोष्टच नव्याने सांगावी लागली असती. थांबणं आणि बघणं टिकून क्लिक घटले असते तर किंमत किंवा ऑफर तपासावी लागली असती. क्लिक येऊन मेसेज घटले असते तर व्हॉट्सअ‍ॅपवरचं पहिलं उत्तर किती उशिरा जातं ते. आणि टार्गेटिंग इतकं अरुंद असतं की प्रत्येक नवं रील दोन आठवड्यांत थकतं आहे, तर दोष रीलचा नसून गर्दीच्या आकाराचा, तिथे शहरं किंवा वय वाढवावं लागतं.

काकूंनी आता व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या शंकांची वही केली आहे. पुढचा नंबर "ब्लाउजपीस वेगळा येतो का?" या प्रश्नाचा लागणार आहे. पाण्याच्या वाडग्याचा हुक रेट सलग चार-पाच दिवस पंचविशीखाली राहिला आणि फ्रीक्वेन्सी चढती असली की ते डोकं लावायचं असं आमचं ठरलंय, त्यामुळे शूट दिवाळीच्या गर्दीआधीच करून ठेवतोय.